मदत नको, चार्ज घ्या

रमजानात माझ्या डब्याला महिनाभर सुट्टी असते, पण डब्याची पिशवी मात्र रोज माझ्याबरोबर शिरोलीला जाते. तिच्यात चष्म्याचं घर, गाडीची कागदपत्रं आणि एखादं वर्तमानपत्र असतं. २०२५ साली दहाव्या रोज्याला, म्हणजे ११ मार्चला, फाउंड्रीच्या गेटवर पिशवीत हात घातला तर चष्म्याच्या घराखाली वहीची दोन पानं घडी करून ठेवलेली. वरती नाव नव्हतं, पण अक्षर ओळखीचं होतं. सोळा वर्षं किराणा मालाच्या याद्यांवर मी ते अक्षर वाचत आलोय.

बायकोने नवऱ्याला पत्र लिहावं, तेही एकाच घरात राहून, हे आमच्यात कधी झालेलं नाही. लग्न ठरल्यावर दोन पत्रं आली होती, तेवढीच. म्हणून आधी पोटात गोळा आला. स्टोअरमध्ये जाऊन, दार लोटून, मी ते वाचलं. तिची परवानगी घेऊन त्यातला मोठा भाग इथे देतोय. ती म्हणाली, "छापा, पण आपल्या घरचं भांडण म्हणून नको. ज्यांच्या घरात असं चालतं त्यांना कळू दे." आम्ही घरात बोलतो दखनी, पण दोघंही शिकलो मराठी शाळेत, त्यामुळे पत्र मराठीतच आहे.

"अहो,

हे तोंडी सांगायला लागले की आपलं भांडण होतं, आणि रोज्यात मला भांडायचं नाही. म्हणून लिहिते.

आज फजरच्या नमाजात सजद्यात डोकं टेकलं आणि मला लाईट बिल आठवलं. काल शेवटची तारीख होती, राहून गेलं. त्याच्या मागून गॅस आठवला, मग पोरीला उद्या शाळेत न्यायचा तक्ता, मग अब्बांच्या बीपीच्या गोळ्या. सलाम फेरला तेव्हा मला सांगता आलं नसतं की मी किती रकात पढले. वर्षभर असं होतं ते होतं, पण या महिन्यात तरी माझी नमाज माझी असावी असं वाटतं.

तुम्ही काम करत नाही असं मी म्हणत नाही. सांगितलं की करता. गोळ्या आणा म्हटलं की आणता, बिल भरा म्हटलं की फोनवरून दोन मिनिटांत भरता. पण कधी सांगायचं, किती वेळा सांगायचं, तुमचा मूड बघून सांगायचं, आणि मग झालं का म्हणून विचारायचं, हे सगळं माझ्याकडे. आणि विचारलं की तुम्ही म्हणता, काय मागे लागलीस. चुकलं की म्हणता, सांगायचं ना. सांगणं हेच तर काम आहे. भरायला दोन मिनिटं लागतात, लक्षात ठेवायला महिना लागतो.

डिसेंबरात पन्हाळ्याची सहल आठवते? पैसे भरायचा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला त्या दिवशी माझ्याकडे लग्नाचे सहा ब्लाऊज होते. निरोप वर सरकून गेला. सगळा वर्ग पन्हाळ्याला गेला आणि आपली पोर घरी बसली. त्या दिवशी तुमच्या अम्मींनी विचारलं, 'तू कशी विसरलीस?' पोरीनेही तेच विचारलं. तुम्हीही तेच विचारलं. तुम्ही कसे विसरलात, असं कोणीच तुम्हाला विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्या ग्रुपमध्ये तुमचा नंबरच नाही.

आता ईदची शिलाई डोक्यावर आहे. बावीस ड्रेस घेतलेत. ते मी शिवीन, सहेरी-इफ्तारही करीन. मला मदत नको. मदत मागितली की पुन्हा सांगणं आलं. मला तीन गोष्टी डोक्यातून काढून तुमच्या डोक्यात ठेवायच्या आहेत. लाईट बिल, घरफाळा आणि पोरीची शाळा. पुन्हा त्यांची आठवणसुद्धा मला करावी लागू नये, अशा ठेवायच्या. बाकी राहू दे माझ्याकडे.

रागावू नका. रागावलात तर इफ्तारच्या आधी तरी बोलू नका."

मी रागावलो. खोटं कशाला सांगू? आतल्या आत माझी यादी सुरू झाली. घराचा हप्ता कोण भरतं? बाराही महिने ऊन-पावसात पुलाची शिरोली कोण गाठतं? बिल तर माझ्याच खात्यातून जातं ना? दोन मिनिटांच्या बिलाचं एवढं दोन पानी पत्र?

त्या रागाला अर्ध्या तासात खीळ बसली, आणि ती माझ्याच धंद्याने बसवली. मी स्टोअरकीपर. फाउंड्रीत लोखंड वितळवणारे, साचे करणारे, ओतणारे यांचं काम डोळ्यांना दिसतं. माझं दिसत नाही. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची माती मिसळावी लागते, तिच्याशिवाय साचा धरत नाही. समजा रोज वीस पोती लागतात आणि मागणी दिल्यापासून गाडी यायला चार दिवस. म्हणजे ऐंशी पोती उरली की मागवायची? नाही. गाडी वाटेत अडकली, मध्ये सण आला, तर दोन दिवसांचा जादा साठा हाताशी हवा. म्हणून पोती एकशे वीसवर आली की मागणी गेली पाहिजे. गोदाम भरलेलं दिसत असतं तेव्हाच माझं काम सुरू होतं. सगळं वेळेवर आलं तर स्टोअरकीपर काय करतो हे कोणाला कळतसुद्धा नाही. पोती संपली तरच त्याचं नाव निघतं.

नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एकदा वाळूचा बाइंडर संपला. मी साहेबांना म्हणालो, "मोल्डिंगवाल्यांनी सांगायला पाहिजे होतं." साहेब म्हणाले, "संपल्यावर दुसऱ्याने सांगायचं, तर तुला पगार कशाचा?" हे वाक्य मी पुढे कितीतरी नव्या पोरांना ऐकवलं. त्या दिवशी बेंटोनाइटच्या थप्पीसमोर उभा होतो आणि वाक्य माझ्याकडेच उलटून आलं. जे ओळखण्याचे, लक्षात ठेवण्याचे मला पगार मिळतो, तेच घरात बायको करते आणि मी तिला 'सांगायचं ना' म्हणतो. बाइंडर संपवणाऱ्या पोरापेक्षा माझं वेगळं काय होतं?

या विषयावर मोजमाप झालेलं आहे, पण ते अर्ध्यापर्यंतच जातं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तिचे आकडे फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी आले. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही पाहणी पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत मांडते आणि त्या-त्या खणात माणूस काय करत होता ते लिहून घेते. आता माझ्या बायकोचा पहाटे साडेपाचचा खण बघा. त्यात 'नमाज' असंच लिहिलं जाईल. सजद्यातलं लाईट बिल कोणत्या खणात लिहायचं? शिलाई मशीनवर पाय चालू असताना डोक्यात चाललेला घरफाळा कुठे लिहायचा? त्याची मिनिटं होत नाहीत, कारण ते दुसऱ्या कामाच्या पोटात चालतं.

त्या अदृश्य भागाकडे ॲलिसन डेमिंगर या अमेरिकी संशोधक बाईंनी नीट पाहिलं. त्यांचा लेख २०१९ साली तिथल्या समाजशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात आला. पस्तीस जोडप्यांशी, नवऱ्याशी वेगळं आणि बायकोशी वेगळं बोलून त्यांनी घरातल्या डोक्याच्या कामाचे चार टप्पे सांगितले. काहीतरी लागणार आहे हे आधी ओळखणं, मग पर्याय शोधणं, मग ठरवणं, आणि शेवटी झालं की नाही यावर नजर ठेवणं. ठरवण्याच्या टप्प्यावर नवरा-बायको बरेचसे बरोबरीने दिसले. पण पहिला आणि शेवटचा टप्पा बायांच्या वाट्याला जास्त होता. ही जोडपी अमेरिकेतली, शिकलेली, खाऊनपिऊन सुखी, आणि पस्तीस म्हणजे काही फार नव्हेत. तरी ते चार टप्पे वाचल्यावर आमच्या घरात कोण कुठे उभं आहे हे मला लगेच दिसलं. शाळा कोणती, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं आणि 'मी पोरांच्या शिक्षणात लक्ष घालतो' असं मी चारचौघांत सांगत होतो. पण त्या शाळेचा निरोप रोज रात्री कोण वाचतं?

फ्रान्समधल्या एम्मा नावाच्या चित्रकर्तीने २०१७ मध्ये याच विषयावर एक चित्रकथा काढली होती, ती बरीच गाजली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'सांगायचं होतंस ना!' असंच होईल. फ्रान्समधला नवरा आणि कोल्हापुरातला नवरा एकच वाक्य बोलतात, हे वाचून बरं वाटावं की वाईट, मला ठरवता आलं नाही.

त्या दिवशी इफ्तारनंतरही मी काही बोललो नाही. रविवारी तरावीहून आल्यावर मीच वही काढली. आमच्याकडे एका स्टोअरकीपरकडून दुसऱ्याकडे काम जातं तेव्हा चार्ज दिला-घेतला जातो. देणारा साठ्याची यादी, चालू मागण्या, अडलेल्या गोष्टी आणि कोणत्या माणसाला फोन करायचा हे सगळं लिहून देतो, दोघे सही करतात. सही झाली की जुन्या माणसाने रोज फोन करून 'झालं का' विचारायचं नसतं आणि नव्याने 'तुम्ही आठवण नाही केली' म्हणायचं नसतं. मी तिला म्हणालो, "तू मदत नको म्हणालीस ना, मग मला चार्ज दे." ती हसली, पण वही ओढून घेतली.

लाईट बिलाचा चार्ज घेतला तो जरा सविस्तर सांगतो, कारण माझी चूक मला तिथेच कळली. मला वाटलं, चार्ज म्हणजे आता बिल मी भरणार. ती म्हणाली, "भरत तर आधीपण होता. बिल आलं हे तुम्हाला कसं कळणार?" तिचं बरोबर होतं. महावितरणकडे आमच्या मीटरपुढे नोंदलेला मोबाईल तिचा. बिल तयार झालं की मेसेज तिच्या फोनवर, तारीख जवळ आली की आठवण तिच्या फोनवर. म्हणजे मी महिन्याच्या महिन्याला विसरणार आणि तिचा फोन वाजत राहणार. फोन वाजला की काम तिचंच.

मग तिथेच बसून बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घेतला आणि महावितरणच्या ॲपमधून नोंदलेला नंबर बदलून माझा टाकला. बिलाचा कागद आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला. त्यावर एक लवकरची तारीख असते, तोवर भरलं तर थोडी सूट मिळते. दुसरी शेवटची तारीख. तिच्यानंतर विलंब आकार लागतो, सव्वा टक्का. आमचं बिल होतं १,८४० रुपयांचं, त्यावर सव्वा टक्का म्हणजे २३ रुपये. वीजही लगेच तुटत नाही, तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते असा कायदाच आहे. म्हणजे सजद्यात तिच्या डोक्यात आलेली गोष्ट २३ रुपयांची होती. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं होतं? मला वाटायचं, पोरं अभ्यासाला बसतील आणि लाईट जाईल." ओझं रकमेचं नसतंच. आपण चुकलो तर पुढे काय होईल हे एकट्याने धरून बसायचं, त्याचं असतं.

त्याच झपाट्यात मी गॅसच्या नंबरालाही हात घालायला निघालो होतो. तिने थांबवलं. सिलिंडर घेऊन माणूस दारात येतो तेव्हा नोंदलेल्या मोबाईलवर आलेला चार आकडी कोड त्याला सांगावा लागतो. मी भट्टीजवळच्या आवाजात, फोन टेबलाच्या खणात. माणूस दारात उभा राहून निघून जाईल. म्हणून गॅस तिच्याकडे राहिला. जो घरात असतो त्याच्याशिवाय काही कामं होत नाहीत, ती जबरदस्तीने हलवली तर दोघांनाही जास्त त्रास. वाटणी निम्मी-निम्मी करायच्या नादाला आम्ही लागलो नाही ते यामुळेच.

सगळ्यात अवघड चार्ज शाळेचा निघाला. पोरगी पाचवीत. वर्गाच्या ग्रुपवर मी माझा नंबर घालायला सांगितला तेव्हा कळलं की बाईंना सोडून तिथे चौतीस जण आहेत आणि त्यातले दोन पुरुष. दुसऱ्याच रात्री दहा वाजता निरोप, उद्या कार्यानुभवासाठी सहा रिकाम्या काडेपेट्या, रंगीत कागद आणि डिंक आणणे. रात्री दहाला सहा रिकाम्या काडेपेट्या! घरात लायटर. सवयीने मी तिच्याकडे पाहिलं. ती मशीनवर होती, तिने मान वर केली नाही. मग शेजारच्या काकूंच्या दारात गेलो. त्यांच्या देवघरातून तीन मिळाल्या, उरलेल्या तीन गल्लीतल्या चहावाल्याकडून, त्याने भरलेल्या पेट्यांतल्या काड्या डब्यात ओतून दिल्या. काकू म्हणाल्या, "आज तुम्ही आलात होय? एरवी ती येते." म्हणजे हे असं रात्री-अपरात्री दारं वाजवणं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि मी दहा वाजता बातम्या बघत होतो.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. शनिवारची शाळा सकाळची असते, हे मला माहीत होतं, पण त्या शनिवारी गणवेशाऐवजी खेळाचे कपडे घालायचे होते. निरोप मी वाचला होता. वाचला आणि पुढे सरकलो. पोर गणवेशात गेली, तोंड पाडून आली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. बायकोला शुक्रवारीच कळलं होतं, शेजारच्या मुलीची आई बोलली होती. तरी ती गप्प राहिली. तिने नंतर सांगितलं की गप्प राहणं तिला बावीस ड्रेस शिवण्यापेक्षा जड गेलं.

यावर आमचा वाद झाला आणि मला वाटतं तो कुठल्याही घरात होईल. मी म्हणालो, पोरीला कशाला त्रास, एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "एकदा सांगितलं असतं तर पुढच्या शुक्रवारी तुम्ही माझ्या सांगण्याची वाट बघितली असती." माझं मत असं की पोराची परीक्षा, औषध, फीची शेवटची तारीख अशा जागी गप्प राहू नये. कपडे, काडेपेट्या, तक्ते यांत दुसऱ्याला चुकू द्यावं. तिला हे पटलंय, पण रेघ कुठे मारायची यावर आमचं अजून एकमत नाही. दुसऱ्या बाजूने तिलाही एक गोष्ट सोडावी लागली. तक्त्याला मी लावलेला कागद वाकडा होता. तिचा हात शिवलेल्या शिवणीसारखा सरळ चालतो, तिला ते बघवेना. रात्री उठून तिने तो पुन्हा लावला असता तर चार्ज परत तिच्याकडे गेला असता. वाकडा कागद तसाच शाळेत गेला. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.

अम्मींना हे सगळं आवडलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी घरातलं बाईच बघायची, तुझ्या अब्बांना तर पोरं कोणत्या इयत्तेत आहेत हे माहीत नसायचं." खरं आहे. पण अम्मींच्या वेळी लाईट बिल दोन महिन्यांतून एकदा रांगेत उभं राहून अब्बाच भरायचे. रांग बाहेरची होती म्हणून काम पुरुषाचं होतं. बिल फोनमध्ये आलं, शाळा फोनमध्ये आली, गॅस फोनमध्ये आला, तशी ही बाहेरची कामं एकेक करून घरात आली आणि घरात आली म्हणून तिच्या पदरात पडली. आम्ही पुरुषांनी ती कधी दिली नाहीत, तिने कधी मागितली नाहीत. कोणत्याही कागदावर सही न होता चार्ज बदलला.

मोहल्ल्यातल्या एका मित्राने वेगळाच सूर लावला. म्हणाला, रमजानात नवऱ्याला असं पत्र लिहिणं शोभतं का? त्याला मी जुम्म्याच्या बयानात आपण दरवर्षी ऐकतो ती गोष्ट आठवून दिली. हजरत आयेशांना कोणीतरी विचारलं की पैगंबर साहेब घरात काय करायचे, तर त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जायचे. ही हदीस आपण ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन 'सांगायचं ना' म्हणतो. मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्याकडचं लाईट बिल कोणाच्या नंबरवर येतं रे?" त्याला खरंच माहीत नव्हतं. माझ्या हिंदू मित्रांपैकी दोघांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. एकाने घरी फोन लावून विचारलं, म्हणजे तिथेही उत्तर तिच्याकडेच होतं.

ज्या घरात नवरा आखाती देशात आहे, किंवा नाहीच, तिथे या वहीचा उपयोग काय, असंही मला वाटून गेलं. तिथे चार्ज घ्यायला दुसरं माणूसच नसतं. आमच्या गल्लीत अशा तिघी आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्याकडे शहाणपणाचं काही नाही. काडेपेट्यांच्या रात्री मला एवढंच सुचलं की त्यातल्या एकीची मुलगी आमच्याच पोरीच्या वर्गात आहे. तिच्यासाठीही सहा पेट्या घ्यायला हव्या होत्या, आणि त्या घेतल्या नाहीत.

यंदा चांदावर सगळं टांगलेलं आहे. ईद ३१ मार्चला येईल किंवा १ एप्रिलला, आणि ३१ मार्च म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. घरफाळा थकला की दंड चढतो, तो पुढच्या बिलात येतो, आणि मग बोलणी. मागची सगळी वर्षं मार्चअखेरीच्या गडबडीत ती मला तीनदा विचारायची, 'घरफाळा?' यंदा नवीन लाईट बिलाचा मेसेज २१ तारखेला माझ्या फोनवर आला. ते लवकरच्या तारखेच्या आत भरलं आणि त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, रोजा असल्यामुळे जेवण नव्हतंच, घरफाळाही भरून टाकला. तिला सांगावंसं फार वाटलं. फोन हातात घेतलाही होता. सांगितलं असतं तर तिने 'बरं झालं' म्हटलं असतं, म्हणजे ते पुन्हा तिच्या डोक्यातून फिरून गेलं असतं.

पावती छापून फ्रिजवर लावली आहे, चुंबकाखाली, पोरीच्या वेळापत्रकाच्या शेजारी. आज पाच दिवस झाले. ती दिवसातून वीस वेळा फ्रिज उघडते. पावतीबद्दल अजून एक शब्द बोललेली नाही. बावीसपैकी सतरा ड्रेस झालेत.